ड्रायव्हर एक, कंडक्टर दुसरा

अंकशास्त्राच्या धंद्यात सध्या एसटीची भाषा चालते. जन्मतारखेतल्या नुसत्या दिवसाचा अंक म्हणजे मूलांक, त्याला म्हणतात ‘ड्रायव्हर’. दिवस, महिना आणि वर्ष यांतले सगळे आकडे मिळवून येतो तो भाग्यांक, त्याला म्हणतात ‘कंडक्टर’. माणसाचा स्वभाव, आवडीनिवडी, चटकन उसळणारं मन हे ड्रायव्हरचं खातं. गाडी कुठल्या मार्गाने जाणार आणि शेवटी कुठे पोचणार हे कंडक्टरचं. दोघांचं जमलं तर प्रवास सुखाचा, नाही जमलं तर रस्ताभर कुरबुर. वर्तमानपत्रातलं अंकभविष्य बहुधा मूलांकावर चालतं, कारण तो काढायला कागद-पेन्सिल लागत नाही. २४ तारखेचा जन्म असेल तर दोन आणि चार सहा, झाला मूलांक.

पाश्चात्त्य अंकशास्त्रात हीच जोडी ‘बर्थडे नंबर’ आणि ‘लाइफ पाथ नंबर’ या नावांनी येते, पण तिथे मानपान उलटा आहे. तिथे लाइफ पाथ हा घरचा कर्ता आणि जन्मदिवसाचा अंक त्याच्या हाताखालचा. शिवाय तिथे दिवसाचा आकडा शेवटपर्यंत मोडतही नाहीत. २४ हा २४ म्हणूनच वाचतात, सहा हा त्याचा फक्त पाया. आपल्याकडे मात्र दिवसाला पहिला मान. याचं बरंचसं श्रेय कीरोला जातं. १८६६ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला हा विल्यम जॉन वॉर्नर स्वतःला काउंट लुई हॅमन म्हणवून घेत असे. हात पाहण्यात त्याने नाव कमावलं, आणि १९२६ मध्ये त्याचं अंकांवरचं पुस्तक आलं. त्या पुस्तकात तो माणसांची विभागणी जन्माच्या दिवसावरून करतो. १, १०, १९ आणि २८ तारखेचे सगळे सूर्याच्या घरचे, २, ११, २० आणि २९ चे चंद्राच्या घरचे, अशी. त्याने असंही लिहून ठेवलं आहे की तरुणपणी तो मुंबईला उतरला आणि कोकणातल्या एका ब्राह्मण गुरूंकडे ही विद्या शिकला. हे सगळं त्याच्याच तोंडचं, आणि काउंट ही पदवीही त्याने स्वतःच स्वतःला दिलेली होती, एवढं लक्षात ठेवून ते वाचावं. कोकणातून गेली असो वा नसो, ही पद्धत कीरोच्या पुस्तकाबरोबर इंग्रजी शिकलेल्या घरांत आली आणि इथे मुरली.

आता हिशेब. सचिन तेंडुलकरचा जन्म २४ एप्रिल १९७३ चा. मूलांक ६. भाग्यांकासाठी २, ४, ४, १, ९, ७ आणि ३ मिळवायचे. बेरीज ३०, म्हणजे ३. ड्रायव्हर शुक्र, कंडक्टर गुरू.

इथे थोडं थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, कारण अंकशास्त्राची पुस्तकं ती बहुधा सांगत नाहीत. नऊने भाग जातो की नाही ते पाहण्याची शाळेतली कसोटी आठवा. आकड्यांची बेरीज करायची, ती पुन्हा करायची, उरेल ती नऊने भागल्यावरची बाकी. फक्त शून्य उरण्याऐवजी अंकशास्त्रात नऊ म्हणतात. भाग्यांक म्हणजे दुसरं काही नाही, दिवस अधिक महिना अधिक वर्ष यांची नऊने भागून उरलेली बाकी आहे. आणि त्या बेरजेत दिवस आधीच बसलेला आहे. एप्रिलचे ४, १९७३ ची बेरीज २० म्हणजे २, दोन्ही मिळून ६. म्हणजे एप्रिल १९७३ मध्ये जन्मलेल्या प्रत्येकाचा भाग्यांक त्याच्या मूलांकात ६ मिळवले की येतो. सचिनचा मूलांक ६, त्यात ६ मिळवले तर १२, म्हणजे ३. त्याच महिन्यात एक तारखेला जन्मलेल्याचा मूलांक १ आणि भाग्यांक ७. त्या महिन्यात मूलांक १ आणि भाग्यांक ५ असा माणूस सापडणारच नाही, कितीही शोधलं तरी.

याचा अर्थ असा, की मूलांक आणि भाग्यांक हे दोन वेगवेगळे साक्षीदार नव्हेत. मूलांकात दिवस बोलतो, भाग्यांकात तोच दिवस महिना आणि वर्षाला बरोबर घेऊन पुन्हा बोलतो. म्हणून एखादा ज्योतिषी ‘तुमचे दोन्ही अंक एकच गोष्ट सांगताहेत’ म्हणून खूश झाला, तर आपण फार भारावून जायचं कारण नाही. विंदा करंदीकरांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा. मूलांक ५, सगळ्या आकड्यांची बेरीज ३२, भाग्यांकही ५. अशी जुळी जोडी आली की ‘अंकाचा प्रभाव दुप्पट’ असं म्हणायची पद्धत आहे. पण ऑगस्टचे ८ आणि १९१८ चा १ मिळून ९ होतात, आणि ९ मिळवल्याने बाकी बदलत नाही. त्यामुळे ऑगस्ट १९१८ मध्ये जन्मलेल्या एकूण एक माणसाचे दोन्ही अंक सारखेच आहेत. एका अख्ख्या महिन्याचा प्रभाव दुप्पट!

मग दिवसाची वेगळी चव राहते कुठे? ती पाहायला दोन माणसं शेजारी बसवावी लागतात. लता मंगेशकर, जन्म २८ सप्टेंबर १९२९. सुनील गावस्कर, जन्म १० जुलै १९४९. लताबाईंचे दोन आणि आठ दहा, म्हणजे मूलांक १. सगळ्या तारखेची बेरीज ४०, भाग्यांक ४. गावस्करांचा मूलांक सरळच १, बेरीज ३१, भाग्यांक ४. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी दोघांची अगदी एकच आहे.

ही जोडी वाचायला बसलं की पहिल्या फटक्यात सगळं कसं छान बसतं. एक म्हणजे सूर्य, अग्रस्थान, दुसऱ्याच्या मागे न चालणं. एक जण भारताचा सलामीचा फलंदाज, कसोटीत दहा हजार धावा करणारा पहिला, आणि दुसऱ्या तर पार्श्वगायनात किती दशकं पहिल्या. चार म्हणजे शिस्त, मेहनत, पद्धतशीरपणा, एकेक वीट रचणं. रियाज म्हणा की खेळपट्टीवर नांगर टाकून उभं राहणं म्हणा, दोन्ही चारच्या खात्यात जातं. इथवर अंकशास्त्री आणि त्याचं गिऱ्हाईक दोघंही समाधानी.

पण याच जोडीबद्दल दोन घराण्यांत उभा दावा आहे. कीरोच्या मते १ आणि ४ सख्खे. चारचा स्वामी तो हर्षल मानतो आणि त्याला सूर्याच्या जोडीला बसवतो, त्यामुळे १ आणि ४ ही माणसं एकमेकांना पूरक. आपल्याकडच्या मांडणीत चारवर राहू बसतो. सूर्याला राहू म्हणजे ग्रहण. त्या हिशेबाने ही जोडी धोक्याची, मान मिळेल पण डाग लागेल, वरिष्ठांशी खटके उडतील, असं सांगतात. आता लताबाईंच्या आणि गावस्करांच्या चरित्रात मानही भरपूर आहे आणि खटकेही आहेत. रॉयल्टीवरून लताबाईंचं आणि मोहम्मद रफींचं बिनसलं होतं. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर साठ षटकं फलंदाजी करून गावस्करांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या, त्यावर अजून बोललं जातं. कीरोवाला मान दाखवील, राहूवाला खटके दाखवील, आणि दोघांनाही आपलं बरोबर आलं असं वाटेल. कुठल्याही मोठ्या माणसाच्या आयुष्यात दोन्ही मिळतातच, अंक कोणताही असो.

जन्मदिवसाची चव म्हणतात ती यानंतर येते. जोडी एकच असली तरी एकाचा दिवस १० आहे आणि दुसरीचा २८. कीरो दहाच्या पुढच्या आकड्यांना संयुक्त अंक म्हणतो आणि एकेकाला वेगळा अर्थ देतो. त्याच्याकडे १० हे दैवाचं चाक आहे, चढउतार आणि आत्मविश्वासाचा आकडा. २८ हा विरोधाभासाचा, मोठी आशा दाखवणारा पण दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासातून नुकसान सोसायला लावणारा. १९ मात्र त्याच्या लेखी सूर्याचा, यशाचा. म्हणजे १, १०, १९ आणि २८ या चौघांचा मूलांक एक असला तरी कीरोच्या दारात चौघांची पानं वेगळी वाढली जातात. हल्लीचे पाश्चात्त्य अंकशास्त्री याहून सोपा मार्ग धरतात. ते आकड्याची फोड करून पाहतात. २८ मध्ये २ आहे, म्हणजे जुळवून घेणं, साथ. आणि ८ आहे, म्हणजे व्यवहार, अधिकार. तेव्हा हा एक असा की तो माणसं बरोबर घेऊन पुढे जातो. १० मध्ये एकापुढे शून्य, म्हणजे निव्वळ एक, कोणाची भेसळ नाही, जास्तच धारदार.

म्हणजे मूलांकाला एकाच अंकापर्यंत मोडलं की जे हरवतं, ते जन्मदिवस मुळातल्या रूपात वाचला की परत येतं. गणिताच्या बाजूनेही हे खरं आहे. सगळं शेवटच्या अंकापर्यंत मोडलं तर माणसांच्या नऊ गुणिले नऊ म्हणजे ८१ जोड्याच होतात. दिवस न मोडता ठेवला तर ३१ गुणिले ९, म्हणजे २७९. अंकशास्त्र खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवला तरी जन्मदिवस वेगळा वाचण्यातून आणखी खाचे मिळतात, हे उघड आहे. आणि जितके खाचे जास्त, तितकं वर्णन ‘अगदी माझंच’ वाटण्याची सोयही जास्त.

गावस्करांबद्दल एक गोष्ट इथे आठवते. ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात त्यांनीच सांगितली आहे. जन्मल्यावर इस्पितळात बाळांची अदलाबदल झाली होती. त्यांच्या नात्यातल्या काकांनी बाळाच्या कानाजवळचं बारीक छिद्र आधी हेरून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी हातात आलेल्या बाळाला ते दिसेना. शोधाशोध झाली तेव्हा गावस्कर एका कोळिणीच्या कुशीत सापडले. ते दुसरं बाळही दहा तारखेचंच असेल, तर त्याचा ड्रायव्हर एक, कंडक्टर चार आणि न मोडलेला दिवसही दहा. अंकशास्त्राकडे या दोघांना वेगळं करायला तारखेतलं काहीच उरत नाही. मग नामांक काढावा लागतो, आणि नाव तर कानाजवळचं छिद्र पाहूनच ठरणार होतं.

मूलांक आणि भाग्यांक यांपैकी कुणाचं कधी चालतं, यावरही एकवाक्यता नाही, आणि हा मतभेद बारीक नाही. भारतीय पद्धतीत सर्वसाधारणपणे सांगतात की पस्तिशीपर्यंत मूलांकाचा जोर, त्यानंतर भाग्यांक पुढे येतो. म्हणून पंचविशीतल्या मुलाला ‘तुझा ड्रायव्हर बघू’ म्हणतात आणि पन्नाशीतल्याला ‘आता कंडक्टर बघा’. पाश्चात्त्य पद्धतीत आयुष्याचे तीन टप्पे पाडतात. पहिला टप्पा जन्ममहिन्याचा, मधला जन्मदिवसाचा, शेवटचा जन्मवर्षाचा. मधला टप्पा साधारण तिशीच्या अलीकडून पन्नाशी ओलांडेपर्यंत जातो. म्हणजे चाळिशीच्या माणसाच्या बाबतीत आपले म्हणणार की दिवसाचं राज्य संपलं, आणि ते म्हणणार की आत्ताच तर सुरू आहे. लग्न जुळवताना किंवा धंदा बदलताना एकाच माणसाने दोन्हीकडचे सल्ले घेतले तर त्याची काय अवस्था होईल, ते सांगायला नको.

आता चुका कुठे होतात तेही सांगितलं पाहिजे, कारण त्या फार साध्या असतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे वर्ष अर्धं घेणं. २४-४-७३ असं लिहून बेरीज केली की २० म्हणजे २ येतात, खरा भाग्यांक ३ आहे. एकोणीसचे एक आणि नऊ मिळून दहा, म्हणजे एक, तो गळाला. विसाव्या शतकातल्या कोणाचा भाग्यांक आपल्या हिशेबापेक्षा नेमका एकने कमी येत असेल, तर समोरच्याने शतक खाल्लं असं समजावं. दोन हजारनंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तो दोनने कमी येतो.

दुसरी भानगड मास्टर नंबरची. ११ आणि २२ हे पाश्चात्त्य लोक मोडत नाहीत, काही जण ३३ सुद्धा मोडत नाहीत. आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा. सगळे आकडे ओळीने मिळवले तर बेरीज ३३ येते, म्हणजे मास्टर नंबर. पण दिवस, महिना, वर्ष आधी वेगवेगळे मोडून घेतले, तर ८, ९ आणि ७ मिळून २४. आणि ८, ९, १९३३ अशी सरळ बेरीज केली तर १९५०, त्याचे १५. शेवटी तिन्ही वाटा सहावरच येतात, नऊची बाकी ती, तिला चुकता येत नाही. पण वाटेत लागणारा ३३ हा फक्त पहिल्या वाटेवर लागतो. मास्टर नंबर माणसात नसतो, बेरीज करायच्या पद्धतीत असतो. तेव्हा कोणी ‘तुमचा मास्टर नंबर आहे’ म्हणालं, तर ‘बेरीज कशी केलीत?’ एवढं विचारून पाहावं.

तिसरी गोष्ट परदेशी गेलेल्यांच्या कामाची. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. पु. ल. देशपांडे ८ नोव्हेंबर १९१९ चे. आपण ८/११/१९१९ लिहू, तिकडे ११/८/१९१९. गंमत अशी की उलटंसुलटं वाचलं तरी भाग्यांक ३ च राहतो, कारण बेरजेला क्रमाचं देणंघेणं नाही. मूलांक मात्र ८ चा २ होतो, शनीच्या जागी चंद्र येतो. तिकडच्या एखाद्या संकेतस्थळावर तारीख टाकून मूलांक भलताच आला आणि भाग्यांक बरोबर आला, तर गोंधळ नेमका इथे असतो. आणि पहाटे सूर्योदयापूर्वी जन्मलेल्यांचा वेगळाच प्रश्न. घड्याळाने तारीख मध्यरात्री बदलते, पण आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून काही अंकशास्त्री अशांना आदल्या दिवसाचा मूलांक देतात. दहा तारखेला पहाटे तीनला जन्मलेलं बाळ कुणाकडे सूर्याचं, कुणाकडे मंगळाचं.

‘मोठी माणसं बघा, मूलांक एकचीच जास्त’ असंही ऐकायला मिळतं. असतीलही, पण त्याला कॅलेंडर कारण आहे. एकचे दिवस महिन्यात चार, १, १०, १९ आणि २८, आणि ते बाराही महिन्यांत असतात. वर्षाचे झाले ४८. पाचपासून नऊपर्यंतच्या प्रत्येक मूलांकाला महिन्यात तीनच दिवस मिळतात, वर्षाचे ३६. म्हणजे आठवाल्यांपेक्षा एकवाले मुळातच एक तृतीयांशाने जास्त जन्मतात, मोठे आणि छोटे दोन्ही.

महाराष्ट्रात तर एकवाल्यांची भरती आणखी एका दाराने झाली आहे. जुन्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. जन्म घरी झालेला, नोंद नाही, आई सांगणार ‘पोळ्याच्या आसपास’ किंवा ‘मोठा पाऊस झाला त्या साली’. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी वय पुरं बसेल असं वर्ष धरायचे आणि १ जून लिहून टाकायचे. त्या रजिस्टरमध्ये एका वर्षाची सगळी पोरं एकाच जोडीची. १ जून १९५८ घ्या. मूलांक १, बेरीज ३०, भाग्यांक ३. ड्रायव्हर सूर्य, कंडक्टर गुरू, अख्ख्या बाकाचा.

अशा माणसाने पत्रिका नाही म्हणून अंकशास्त्र्याकडे जावं, तर तिथेही दोन तट पडतात. एक म्हणतो खरी तारीख माहीत नसेल तर मूलांक काढूच नये, हात दाखवावा. दुसरा म्हणतो, जी तारीख माणूस जन्मभर अर्जांवर लिहितो तीच त्याची, तिचाच प्रभाव पडतो. दुसऱ्याचं म्हणणं एका बाबतीत नाकारता येत नाही. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की सरकारी नोकरीत आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती येते. अठ्ठावन्न वर्षांच्या हिशेबाने १ जून १९५८ वाले सगळे गुरुजी, तलाठी आणि कारकून ३१ मे २०१६ ला एकाच संध्याकाळी नारळ-शाल घेऊन घरी आले.